खेळता खेळता बंद पडणारा संगणक : एसएमपीएस कमी पडतो हे कसे ओळखावे आणि नवा किती वॅटचा घ्यावा

फोंड्याच्या घरी असलेल्या माझ्या संगणकात तीन वर्षे जीटीएक्स १६५० हे छोटे ग्राफिक्स कार्ड बिनतक्रार चालत होते. मागच्या चवथीच्या सुट्टीआधी ते काढून मी वापरलेले आरटीएक्स ३०७० बसवले. पुतण्या डिचोलीहून खेळायला येणार होता, हे त्याचे निमित्त. पहिल्याच संध्याकाळी खेळ सुरू होऊन वीस मिनिटे झाली असतील, तोच पडदा काळा झाला, पंखे थांबले आणि संगणक मेल्यासारखा पडला. निळी पाटी नाही, चुकीचा संदेश नाही, काही नाही. त्यानंतर कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी हेच होत राहिले. मी प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट बदलला, रॅम काढून पुन्हा बसवली, विंडोज नव्याने टाकले. ज्या दुकानातून मूळ संगणक घेतला होता तिथे विचारले, तर उत्तर मिळाले, "पाचशे वॅटचा एसएमपीएस आहे, तो पुरतो." दोष तिथेच होता, आणि तो सापडायला मला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत उलटसुलट क्रमाने केलेल्या तपासण्या येथे योग्य क्रमाने मांडल्या आहेत.

## जवळ काय असावे

एसएमपीएसच्या बाजूवर चिकटवलेल्या लेबलाचा स्पष्ट फोटो, ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांची नेमकी नावे, खरेदीचे बिल (वॉरंटी शिल्लक असेल तर), एक चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, आणि HWiNFO हा मोफत प्रोग्राम. कोणाकडून दोन दिवसांसाठी खात्रीचा, मोठा एसएमपीएस उसना मिळाला तर फारच उत्तम. मल्टिमीटर मी मुद्दाम यादीत घेतलेला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

## १. आधी हे समजून घ्या : सरासरी पुरते, उसळी पुरत नाही

बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. आरटीएक्स ३०७० या कार्डाची अधिकृत वीजखपत २२० वॅट आहे. आपण हा आकडा प्रोसेसरच्या आकड्यात मिळवतो, बेरीज पाचशेच्या आत येते आणि आपण निश्चिंत होतो. परंतु २२० ही सरासरी आहे. कार्ड प्रत्येक फ्रेम काढताना क्षणात रिकामे असते आणि क्षणात पूर्ण कामाला जुंपलेले असते, आणि या चढउतारात काही मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी काळ त्याची मागणी सरासरीच्या दीडपट, कधी दुपटीच्या आसपास जाते. ही उसळी इतकी अल्पजीवी असते की कार्डाच्या स्वतःच्या आकडेवारीतही ती दिसत नाही.

अशी उसळी आली की पहिले काही मायक्रोसेकंद एसएमपीएसमधील आउटपुटचे कपॅसिटर आपल्याजवळचा साठा देऊन वेळ मारून नेतात, आणि तोवर आतील नियंत्रण सर्किट जास्त प्रवाह सोडू लागते. कपॅसिटर चांगले आणि नियंत्रण चपळ असेल तर आपल्याला काही कळतही नाही. तसे नसेल तर दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर १२ व्होल्टचा पुरवठा खाली घसरतो. मानकानुसार तो साधारण ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहायला हवा, आणि तो फार खाली गेला की एसएमपीएस मदरबोर्डला दिला जाणारा "वीज ठीक आहे" हा संकेत काढून घेतो, त्यामुळे संगणक तत्काळ रीसेट होतो. नाहीतर एकूण भाराची मर्यादा ओलांडली म्हणून एसएमपीएसचे संरक्षण सर्किट स्वतःच सर्व काही तोडते आणि तसेच अडकून बसते.

हा फरक लक्षात ठेवा, कारण लक्षणेही तशीच वेगळी दिसतात. पहिल्या प्रकारात संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या प्रकारात तो पूर्ण बंद राहतो, समोरचे बटण दाबूनही उठत नाही; मागचे बटण बंद करून अर्धा-एक मिनिट थांबले आणि पुन्हा चालू केले की मगच तो जागा होतो. माझ्याकडे दुसरा प्रकार होता. मागच्या बटणाशिवाय न उठणारा संगणक हा एसएमपीएसच्या संरक्षणाचा जवळजवळ सहीशिक्क्याचा पुरावा समजावा.

## २. लेबल वाचा, आणि १२ व्होल्टचीच ओळ वाचा

आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड माणसे १२ व्होल्टच्या ताटावरच जेवतात. ३.३ व ५ व्होल्टच्या ओळींवर फारच थोडा भार असतो. तरीही स्वस्त एसएमपीएसच्या खोक्यावरचा मोठा आकडा या सगळ्या ओळींची बेरीज करून छापलेला असतो.

माझ्या जुन्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ५०० वॅट असे लिहिलेले होते. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या दोन ओळी होत्या, प्रत्येकी १८ अँपिअर. मी आनंदाने १८ अधिक १८ अशी बेरीज करून १२ ने गुणले, तेव्हा ४३२ वॅट मिळाले. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना होता, ज्यात या दोन ओळी मिळून जास्तीत जास्त ३६० वॅट, असे छापलेले होते. म्हणजे दोन्ही नळ एकाच टाकीला जोडलेले, आणि टाकी ३६० ची. चांगल्या प्रतीच्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर याच ठिकाणी बहुधा एकच ओळ आणि ५४ अँपिअर असा आकडा दिसेल. ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८, अर्थात जवळजवळ संपूर्ण क्षमता १२ व्होल्टवरच उपलब्ध. लेबलावर हा तक्ताच नसेल, तर त्या एसएमपीएसबद्दल अधिक काही जाणून घेण्याची गरज नाही.

आता माझ्या संगणकाचे खेळतानाचे गणित पाहा. कार्ड २२० वॅट, प्रोसेसर कोअर आय५-१२४००एफ खेळात साधारण ६५ वॅट, आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४० वॅट. एकूण ३२५, म्हणजे ३६० च्या आत. म्हणूनच संगणक चालत होता. पण कार्डाने क्षणभर ३३० वॅट मागितले की बेरीज ४३५ होते आणि मर्यादा ओलांडली जाते. उसळी किती मोठी येईल आणि त्याच क्षणी प्रोसेसर किती मागत असेल, हे प्रत्येक वेळी वेगळे असल्यामुळेच कधी दहा मिनिटे आणि कधी दोन तास असा खेळ चालतो. जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचे कार्ड होते; तेव्हा हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते.

## ३. घरातली वीज आणि यूपीएस यांना आधी वगळा

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात वीज पापणी लवावी तशी जाते आणि येते. ट्यूबलाईट फक्त एकदा थरथरते. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर असताना वीज गेली तरी साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, कमजोर एसएमपीएस त्याहून कमी. त्यामुळे संगणक बंद पडला त्या क्षणी दिवे हलले का, पंख्याची गती बदलली का, हे प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा. मी बारा नोंदी केल्या होत्या. त्यांतल्या फक्त दोन वेळी दिवे हलले होते, त्यामुळे बाकीच्या दहांचे खापर विजेवर फोडता येईना.

यूपीएसचा सापळा अधिक फसवा आहे. आपल्याकडे घरोघरी आढळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. खेळताना भिंतीतून ३८० वॅट खेचणारा संगणक आणि त्यावर मॉनिटर, अशा भाराला तो बॅटरीवर गेला की लगेच मान टाकतो, आणि आपल्याला वाटते एसएमपीएस बिघडला. म्हणून तपासणीच्या काळात संगणक थेट भिंतीच्या तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा. एक्स्टेन्शन बोर्डही नको. तसे करूनही बंद पडणे चालूच राहिले तर पुढे जा.

## ४. विंडोजच्या नोंदीत काय आहे ते पाहा

स्टार्ट मेन्यूतून पॉवरशेल उघडून ही ओळ चालवा :

```
Get-WinEvent -FilterHashtable @{LogName='System'; ProviderName='Microsoft-Windows-Kernel-Power'; Id=41} -MaxEvents 10 | Format-List TimeCreated, Message
```

येथे येणारी ४१ क्रमांकाची नोंद पाहून अनेकजण "कर्नल पॉवर, म्हणजे पॉवर सप्लायच गेला" असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे. या नोंदीचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. वीज गेली तरी हीच नोंद येते. उपयोगाची गोष्ट तिच्या तपशिलात असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ती नोंद उघडून Details या भागात BugcheckCode पाहा. तेथे शून्याहून वेगळा आकडा असेल तर निळी पाटी आलेली होती, म्हणजे ड्रायव्हर, रॅम किंवा अन्य बिघाडाकडे वळावे. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही; हे एसएमपीएसच्या बाजूचे लक्षण आहे, सिद्धता नव्हे.

उष्णता हा उरलेला मोठा संशयित. HWiNFO मध्ये तापमानांची नोंद फाईलमध्ये लिहिण्याची सोय आहे. ती चालू ठेवून खेळा, आणि बंद पडल्यावर फाईलच्या शेवटच्या ओळी पाहा. प्रोसेसर किंवा कार्ड शंभर अंशांकडे चढत गेलेले दिसले तर आधी कूलर व धूळ पाहावी. माझ्या शेवटच्या ओळीत कार्ड ७१ आणि प्रोसेसर ६४ अंशांवर होता.

त्याच प्रोग्राममध्ये १२ व्होल्टचा आकडाही दिसतो, आणि मल्टिमीटरही तोच दाखवतो. दोन्हींवर विसंबू नका. HWiNFO दर दोन सेकंदांनी एकदा पाहतो, मल्टिमीटर सेकंदात मोजक्या वेळा. आपल्याला पकडायची आहे ती घसरण मिलिसेकंदांची. माझ्याकडे दोन्हींवर शांतपणे १२.१ दिसत होते. तारेच्या तुकड्याने एसएमपीएस सुटा चालू करून पाहण्याची जी युक्ती सांगितली जाते, तिने तो चालू होतो एवढेच कळते. भाराखाली तो टिकतो का, याचे उत्तर तिच्यात नाही.

## ५. पैसे खर्च न करता खात्री करण्याची चाचणी

सहा आठवड्यांत मी केलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट, आणि ती सर्वांत शेवटी सुचली. कार्डाची वीजमर्यादाच कमी करून पाहा. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर पॉवरशेल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी कार्ड कोणत्या मर्यादा स्वीकारते ते पाहा, आणि मग मर्यादा घाला :

```
nvidia-smi -q -d POWER
nvidia-smi -pl 150
```

दुसऱ्या ओळीतील १५० हे वॅट आहेत. पहिल्या आज्ञेत दिसलेल्या किमान व कमाल आकड्यांमधलाच आकडा येथे चालतो. संगणक पुन्हा सुरू केला की मर्यादा पूर्ववत होते, त्यामुळे यात जोखीम नाही. रॅडिऑन कार्डासाठी त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये वीजमर्यादेची पट्टी असते. सोबत खेळात फ्रेम दर ६० वर बांधून ठेवा, कारण खेळाच्या साध्या मेन्यूतही फ्रेम मोकळे सोडले तर कार्ड शेकड्यांनी फ्रेम काढत सुटते आणि उसळ्या तेथेच सर्वाधिक येतात. मेन्यूत किंवा नवे दृश्य उघडताना बंद पडणाऱ्या संगणकांचे रहस्य बऱ्याचदा हेच असते.

आता रोजच्यासारखे तीन-चार दिवस खेळा. या काळात एकदाही बंद पडला नाही आणि मर्यादा काढताच पुन्हा पडू लागला, तर दोष वीजपुरवठ्यात आहे असे धरायला हरकत नाही. माझा संगणक चार दिवस टिकला आणि पाचव्या दिवशी मर्यादा काढल्यावर पाऊण तासात बंद पडला. उसना एसएमपीएस मिळत असेल तर त्यावर हाच प्रयोग उलट बाजूने करावा, म्हणजे शंका राहत नाही.

केवळ कार्डावर सतत भार टाकणाऱ्या चाचण्यांनी मात्र फसू नका. तशी एक चाचणी माझ्या संगणकाने अर्धा तास सहज पार केली, आणि त्यामुळेच मी दोन आठवडे एसएमपीएसवरचा संशय मागे घेतला. अशा चाचणीत भार मोठा पण स्थिर असतो, उसळ्या कमी असतात. खऱ्या खेळात नेमके उलटे असते.

## ६. नवा किती वॅटचा, याचा हिशेब

मी वापरतो तो नियम असा : कार्डाची अधिकृत वीजखपत दुप्पट करा, तीत प्रोसेसरची कमाल खपत मिळवा, उरलेल्या भागांसाठी ५० वॅट धरा, आणि जी बेरीज येईल तिच्या वरच्या आकड्याचा एसएमपीएस घ्या. प्रोसेसरच्या बाबतीत जपून : खोक्यावर ६५ वॅट लिहिलेल्या १२४००एफची कमाल मर्यादा ११७ वॅट आहे, आणि १०५ वॅटच्या रायझन ७ ५८००एक्सची १४२. हिशेबात हाच मोठा आकडा घ्यावा.

माझ्यासाठी ४४० अधिक ११७ अधिक ५०, म्हणजे ६०७ वॅट. त्याला १२ ने भागले की साधारण ५१ अँपिअर. ६५० वॅटचा, १२ व्होल्टवर ५४ अँपिअर देणारा एसएमपीएस यात बसतो, आणि एनव्हिडियाही या कार्डासाठी ६५० वॅटचीच शिफारस करते. १७० वॅटच्या आरटीएक्स ३०६० साठी हाच नियम ५०७ देतो, म्हणजे ५५०. मोठ्या कार्डांना तो थोडा सढळ पडतो : ३२० वॅटच्या ३०८० साठी येतात ८०७, तर अधिकृत शिफारस ७५० ची आहे. चांगला एसएमपीएस आपल्या मर्यादेच्या वरही क्षणभर भार झेलतो, म्हणून तेथे उत्तम प्रतीचा ७५० चालतो; प्रतीबद्दल खात्री नसेल तर ८५० घ्यावा.

२०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात उसळीचा विचार प्रथमच आकड्यांत झाला. त्यानुसार ४५० वॅटच्या वरचा एसएमपीएस १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार सहन करू शकला पाहिजे. दोन एसएमपीएसच्या किमतीत फार फरक नसेल तर ३.० किंवा ३.१ लिहिलेला घ्या. ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड हा शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते तेवढेच सांगतो. ब्रॉन्झचा चांगला एसएमपीएस गोल्डच्या सुमार एसएमपीएसहून अधिक टिकाऊ असू शकतो, म्हणून मी शिक्क्याआधी वॉरंटीची वर्षे पाहतो. पाचाहून कमी असतील तर पुढे जातो.

वयाचाही विचार करा. आतील कपॅसिटर उष्णतेने सुकतात, आणि मे महिन्यात बंद खोलीत टेबलाखाली, मागची बाजू भिंतीला चिकटवून ठेवलेला संगणक त्यांना फारच लवकर सुकवतो. समुद्राजवळची खारी दमट हवा आणि आमच्या भागातली लाल धूळ पंख्याची जाळी बुजवतात. सात-आठ वर्षे चाललेला एसएमपीएस कागदावर पुरेसा असला तरी नव्या मोठ्या कार्डाखाली मी ठेवणार नाही.

## ७. बसवताना

जुना एसएमपीएस कधीही उघडू नका. वायर काढून ठेवल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ साठून राहतात.

सुट्या केबलचा एसएमपीएस असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल तशाच ठेवून नवा जोडण्याचा मोह टाळा. कार्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, एसएमपीएसकडचे नसते. पिनांचा क्रम बदललेला असेल तर पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन एसएसडी जळते. खोक्यातल्या केबलच वापरा.

कार्डाला ८ पिनांच्या दोन जोडण्या असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल न्या. एकाच केबलला टोकाशी फुटलेल्या दोन जोडण्या दिसायला सोयीच्या असतात, पण सगळा प्रवाह त्याच तारांतून जातो. माझ्याकडे याहून वाईट होते : जुन्या एसएमपीएसला अशी एकच जोडणी होती, म्हणून दुसरी मोलेक्सच्या अडॅप्टरमधून काढून दिलेली होती. काढताना पाहिले तर त्याच्या पिवळ्या तारेजवळचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडून किंचित मऊ झाले होते. कार्डासोबत किंवा दुकानातून असा अडॅप्टर मिळाला तर तो लावण्याऐवजी एसएमपीएस लहान आहे असे समजावे.

प्रोसेसरची आणि कार्डाची ८ पिनांची जोडणी दिसायला सारखी असते, पण प्रोसेसरची बहुधा ४ अधिक ४ अशी आणि कार्डाची ६ अधिक २ अशी दुभंगते. जोर लावावा लागत असेल तर केबल चुकीची आहे.

बसवून झाल्यावर वीजमर्यादा व फ्रेमचे बंधन काढून किमान आठवडाभर खेळा, आणि चौथ्या पायरीतली आज्ञा पुन्हा चालवून नव्या तारखेची ४१ क्रमांकाची नोंद आली आहे का ते पाहा. त्यानंतरच यूपीएस पुन्हा मध्ये घाला, तोही एक हजार व्हीए, सहाशे वॅटच्या आसपासचा; काही स्वस्त यूपीएसची ओबडधोबड लहर नव्या एसएमपीएसना मानवत नाही, म्हणून खेळ चालू असताना एकदा मुद्दाम भिंतीचे बटण बंद करून पाहा. माझ्या जुन्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर आता फक्त राउटर आणि टेबलावरचा दिवा आहे.